रशियन तृतीया आणि मराठीतला 'ने'

प्रश्न: "रशियन शिकायला लागून आठ महिने झाले. तृतीयेत अडकलोय. 'चाकूने' म्हणताना 'स' लागत नाही आणि 'मित्राबरोबर' म्हणताना लागतो, हे लक्षातच राहत नाही. 'मी डॉक्टर आहे' साधं, पण 'मी डॉक्टर होतो' म्हटलं की डॉक्टरची तृतीया का होते? आणि इन्तेरेसोवात्सा, पोल्झोवात्सा वगैरे क्रियापदांची यादी नुसती पाठच करायची का?"

तुमचे पहिले दोन प्रश्न वाचून मला वाटतं की तुम्ही रशियन इंग्रजीतून शिकताय. पुस्तक इंग्रजी, किंवा शिकवणारे इंग्रजीतून समजावतात. इंग्रजीत चाकूलाही 'विथ' आणि मित्रालाही 'विथ', त्यामुळे रशियनमध्ये दोन्हीकडे एकच शब्द यायला हवा असं मन धरून बसतं. मी पुण्यात वीसेक वर्षं रशियन शिकवतोय आणि यंत्रांच्या कागदपत्रांची भाषांतरंही करतो. ही अडचण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनाही येते. गंमत म्हणजे मराठीत तो भेद आधीपासून आहे, तो वापरायचा एवढंच. (रशियन शब्द मी स्पेलिंगप्रमाणे देवनागरीत लिहितोय, म्हणजे शेवटचा प्रत्यय डोळ्यांना दिसेल. बोलताना आघात नसलेला 'ओ' मॉस्कोकडे 'अ' होतो, ते कानाने दुरुस्त करून घ्या.)

रशियन 'स' म्हणजे बरोबर, नोझ म्हणजे चाकू. 'ओन रेझेत ख्लेब नोझोम', तो चाकूने पाव कापतो. आता 'ओन वोशोल स नोझोम' बघा: तो चाकू घेऊन आत आला. पहिल्या वाक्यात कोणी घाबरणार नाही, दुसऱ्यात घाबरेल. 'पाव स नोझोम कापतोय' म्हटलंत तर रशियन माणसाला तुमचं म्हणणं कळेल, पण चित्र असं उभं राहील की पाव कापताना चाकू सोबतीला बसलाय. म्हणून परीक्षा सोपी ठेवा. मराठीत तिथे 'ने' किंवा 'नी' येतो का? मग नुसती तृतीया. 'बरोबर', 'सोबत', 'शी', 'घेऊन' किंवा 'घातलेला' येतो का? मग 'स' अधिक तृतीया. मित्राशी बोललो: स द्रूगोम. दूध घातलेली कॉफी: कोफे स मोलोकोम. शब्दकोश घेऊन वाचलं: चिताल सो स्लोवार्योम. या शेवटच्या उदाहरणात बरेच जण चुकतात, कारण शब्दकोश हे साधनच वाटतं. पण तुम्ही तो पानावर घासत नाही, तो बाजूला उघडा असतो. हातात धरून ज्याने वस्तूवर काम होतं, तेवढंच नुसत्या तृतीयेत जातं.

यालाही हद्द आहे, आणि तिथेही मराठी मदतीला येते. आजी सुईने शिवते: इग्लोय. पण मशीनवर शिवते: ना माशीन्के. आपण 'मशीनने शिवते' असं सहसा म्हणत नाही, 'मशीनवर' म्हणतो, आणि रशियनही 'ना' म्हणजे 'वर' असंच म्हणतात. कॉम्प्युटरवर टाइप केलं: ना कोम्प्यूतेरे. दुर्बिणीतून पाहिलं: व बिनोकल, शब्दशः 'दुर्बिणीत'. वाद्यांनाही 'ना', गिटार वाजवतो हे 'इग्रायेत ना गितारे'. स्थूलमानाने असं दिसतं की हाताचा विस्तार झालेली वस्तू (चाकू, पेन, सुई, चमचा, ब्रश) तृतीयेत जाते, आणि जिच्यापुढे बसून किंवा जिच्यातून काम करायचं ती यंत्रं 'ना' किंवा 'व' घेऊन वेगळ्या विभक्तीत. वाहनं मधोमध आहेत. 'पोयेझ्दोम', रेल्वेने, चालतं आणि 'ना पोयेझ्दे'सुद्धा चालतं. रोजच्या बोलण्यात दुसरं जास्त ऐकू येतं, आणि गाडीसाठी तर जवळजवळ नेहमी 'ना माशीने'. इथे शंका आली तर 'ना' म्हणा, चुकणार नाही.

प्रत्ययांत फार वेळ घालवू नका. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्दांना 'ओम' किंवा 'एम', स्त्रीलिंगींना 'ओय' किंवा 'एय', मृदुचिन्हाने संपणाऱ्या स्त्रीलिंगींना 'यू' (सोल म्हणजे मीठ, सोल्यू म्हणजे मिठाने), आणि अनेकवचनात सगळ्यांना 'आमी' किंवा 'यामी'. 'ल्युद्मी' (माणसांनी) आणि 'देत्मी' (मुलांनी) ही अनेकवचनं वेगळी लक्षात ठेवा, ती रोज लागतात. आडनावांची एक मौज आहे. रशियन आडनावं विशेषणासारखी चालतात, त्यामुळे पुश्किनची तृतीया 'पुश्किनिम' होते. पण डार्विन परदेशी, म्हणून 'दार्विनोम'. भाषा त्याला पाहुणा म्हणूनच वागवते.

एके ठिकाणी मात्र मराठी दगा देते. 'इवानने पत्र लिहिलं' यातला 'ने' रशियनमध्ये नेऊ नका. मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे फिरतं. रशियनमध्ये इवान कर्ताच राहतो: 'इवान नापिसाल पिस्मो'. वर्गात दरवर्षी एखादा 'इवानोम' म्हणतोच, आणि मी त्याला दोष देत नाही, त्याने मराठी प्रामाणिकपणे लावलेली असते. खरी कर्मणी रचना असेल, 'पत्र इवानकडून लिहिलं गेलंय' अशी, तेव्हाच 'पिस्मो नापीसानो इवानोम'. ओळखायची खूण अशी की तेच वाक्य 'उद्या' लावून म्हणा. 'इवान उद्या पत्र लिहील' यात 'ने' गळून पडला. म्हणजे तो काळामुळे आलेला 'ने' होता, साधनाचा नव्हता. 'इवान उद्या पेनाने लिहील' यातला पेनाचा 'ने' टिकला. टिकतो तो रशियन तृतीयेत जातो.

निसर्गाच्या तडाख्याचा 'ने' तर हुबेहूब जुळतो. 'वाऱ्याने छप्पर उडालं' हे रशियनमध्ये 'वेत्रोम सोर्वालो क्रीशू'. छप्पर द्वितीयेत, वारा तृतीयेत आणि क्रियापद नपुंसकलिंगी, कारण वाक्याला कर्ताच नाही. ज्यांचं रशियन इंग्रजीतून येतं त्यांना हे वाक्य पहिल्यांदा वाचताना कर्ता सापडत नाही म्हणून घाम फुटतो. मराठी माणसाला त्यात नवल वाटू नये. 'या रस्त्याने ये' मधला 'ने'ही तसाच: 'एतोय दोरोगोय'.

आता डॉक्टर. वर्तमानकाळात रशियनमध्ये 'आहे' म्हणतच नाहीत. 'या व्राच', मी डॉक्टर. दोन नामं शेजारी ठेवली की झालं, दोन्ही प्रथमेत. भूतकाळात 'बिल' आणि भविष्यात 'बूदू' आलं की दुसरं नाम तृतीयेत जातं: 'या बिल व्राचोम', 'या बूदू व्राचोम'. मूळ क्रियापद 'बित' वापरून 'डॉक्टर व्हायचंय' म्हणतानाही 'खोचू बित व्राचोम'. कारण असं समजा की तुम्ही आणि डॉक्टर एकच, असं ते वाक्य म्हणत नाही. तुम्ही त्या काळात डॉक्टर 'म्हणून' होतात, एवढंच म्हणतं. मराठीतला 'म्हणून' हा इथला खरा मार्गदर्शक. 'मी डॉक्टर म्हणून काम करतो' हे वर्तमानकाळातही तृतीयेतच: 'या राबोतायू व्राचोम'. म्हणूनच तुम्हाला कोणी 'केम वी राबोतायेते?' असं विचारेल. शब्दशः 'तुम्ही कोणाने काम करता?', अर्थ 'तुम्ही काय करता?'. इथे चुकून 'स' घातलात तर 'या राबोतायू स व्राचोम' होईल, म्हणजे मी एका डॉक्टरबरोबर काम करतो. पदवी गेली आणि कंपाउंडरी आली.

'स्तात' म्हणजे बनणे, त्याला नेहमी तृतीया. 'बिल'चं मात्र थोडं परिस्थितीवर आहे. 'ओन बिल व्राच' असं प्रथमेत जुन्या लिखाणात आणि बोलण्यातही भेटेल, ते चूक नाही. पण आजचं लेखी रशियन तृतीयाच पसंत करतं, आणि शिकणाऱ्याने तीच धरावी. फक्त एक सापळा नक्की टाळा. वाक्य 'एतो' म्हणजे 'ते, तो' असं दाखवून सुरू झालं तर तृतीया येत नाही. दारावर कोण आलं होतं? 'एतो बिल व्राच', ते डॉक्टर होते. इथे तुम्ही कोणाचा व्यवसाय सांगत नाही, माणूस ओळखवून देताय. 'ओन बिल नाशिम उचीतेलेम' म्हणजे तो आमचा शिक्षक होता, पण 'एतो बिल नाश उचीतेल' म्हणजे ते आमचे सर होते (आत्ता जे गेले ते). परीक्षेत पेपर काढणाऱ्यांचा हा आवडता प्रश्न आहे.

या 'बनण्या'च्या तृतीयेने मला एकदा चांगलंच पकडलं. नुकताच भाषांतराला लागलो होतो. एका कारखान्याचा बिघाड-अहवाल आला होता, त्यात वाक्य होतं: 'प्रिचीनोय ओत्काझा नासोसा स्तालो पादेनिये दाव्लेनिया'. प्रिचीना म्हणजे कारण, ओत्काझ म्हणजे निकामी होणं, नासोस पंप, पादेनिये घसरण, दाव्लेनिये दाब. मी घाईत डावीकडून उजवीकडे वाचत गेलो आणि लिहिलं, 'पंप निकामी झाल्यामुळे दाब घसरला.' दुसऱ्या दिवशी इंजिनिअरचा फोन: 'अहो, हे उलटं आहे. दाब आधी घसरलाय, आमच्याकडे नोंद आहे.' वाक्य पुन्हा पाहिलं. 'प्रिचीनोय' तृतीयेत, म्हणजे ते कर्ता नाही, 'बनण्या'चं विधेय आहे. क्रियापद 'स्तालो' नपुंसकलिंगी. प्रिचीना स्त्रीलिंगी, ती कर्ता असती तर 'स्ताला' आलं असतं. नपुंसकलिंगी प्रथमेतलं नाम एकच, 'पादेनिये'. म्हणजे दाबाची घसरण पंप निकामी होण्याचं कारण 'बनली'. शब्दक्रम उलटा आहे, कारण रशियन नवी माहिती शेवटी ठेवतं. अहवालांत आणि बातम्यांत ही रचना पदोपदी भेटते. तेव्हापासून वाक्याच्या सुरुवातीला तृतीया दिसली की मी आधी क्रियापदाचं लिंग बघतो आणि मगच कर्ता शोधतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न. यादी पाठ करायची नाही, पण दोन तर्क मनात ठेवायचे.

पहिला तर्क 'हातात धरण्या'चा. 'उप्राव्ल्यात' (चालवणे, नियंत्रण करणे), 'रुकोवोदीत' (नेतृत्व करणे), 'कोमान्दोवात' (हुकूम देणे), 'व्लादेत' (बाळगणे, अवगत असणे), 'पोल्झोवात्सा' (वापरणे). या सगळ्यांत जे हाताशी धरून काम करायचं ते साधन होतं, मग ती गाडी असो, कारखाना असो वा भाषा. 'व्लादेत रूस्किम याझिकोम' म्हणजे रशियन येणे, भाषा हातात असणे. 'रुकोवोदीत'मध्ये तर 'रुका' म्हणजे हात उघडच बसलेला आहे. सावध राहायचं ते याच अर्थाच्या शेजाऱ्यांपासून. वापरणे या अर्थी 'इस्पोल्झोवात'ही आहे आणि ते साधी द्वितीया घेतं. एखादी गोष्ट शिकणे, अभ्यासणे या अर्थी 'झानिमात्सा'ला तृतीया, पण 'इझुचात'ला द्वितीया. अर्थ जवळ आला म्हणून विभक्ती जवळ येत नाही.

दुसरा तर्क मला जास्त आवडतो, आणि तो मराठीतून जितका स्पष्ट दिसतो तितका इंग्रजीतून दिसत नाही. 'त्सा' किंवा 'स' शेवटी आलेली बरीच क्रियापदं मुळात उलटवलेली वाक्यं आहेत. 'मेन्या इन्तेरेसूयेत मूझिका', संगीत मला आकर्षित करतं. ते उलटवा: 'या इन्तेरेसूयूस मूझिकोय'. कर्ता असलेलं संगीत बाजूला झालं आणि तृतीयेत गेलं. आता मराठी ऐका. 'तिचा आवाज मला भारावून टाकतो', आणि उलटवून 'तिच्या आवाजाने मी भारावतो'. रशियनमध्ये हेच: 'येयो गोलोस वोस्खिश्चायेत मेन्या', 'या वोस्खिश्चायूस येयो गोलोसोम'. मराठीतही भारावणारी गोष्ट 'ने' घेऊन बाजूला बसते. 'झानिमात' (व्यापणे) आणि 'झानिमात्सा', 'उव्लेकात' (ओढून घेणे) आणि 'उव्लेकात्सा' या जोड्या याच साच्यातल्या.

पण हा तर्क सगळीकडे लावू नका, कारण तो अर्ध्या वाटेत सोडतो. 'रादोवात्सा' (आनंद होणे) आणि 'उदिव्ल्यात्सा' (आश्चर्य वाटणे) या जोड्याही अशाच उलटतात, पण त्या चतुर्थी घेतात. 'बोयात्सा' म्हणजे भिणे, त्याला षष्ठी. 'गोर्दीत्सा' म्हणजे अभिमान बाळगणे, ते तृतीया घेतं, पण त्याला मागची जोडीच नाही. म्हणजे 'त्सा' दिसला की तृतीया असा नियम नाही. द्वितीया मात्र सहसा नाही, एवढं नक्की धरा.

एक छोटा गट राहिला, अवयव हलवण्याचा. मराठीत आपण हात हलवतो, मान डोलावतो, खांदे उडवतो, म्हणजे अवयव कर्म. रशियनमध्ये 'माखात रुकोय', 'किव्नूत गोलोवोय', 'पोझात प्लेचामी', सगळे तृतीयेत. परकं वाटतं, पण 'मानेनेच हो म्हणाला', 'डोळ्यांनी खुणावलं' ही आपली वाक्यं आठवा. तिथे अवयव साधन आहे, तसंच इथे. उलट 'हात वर करणे' म्हणजे 'पोद्न्यात रूकू' हे द्वितीयेत, कारण तिथे हाताने काही सांगत नाही, हातालाच एका जागेवरून दुसरीकडे नेतोय. वास आणि आजारही तृतीयेतले: 'पाख्नेत लूकोम', कांद्याचा वास येतोय, आणि 'बोलेत ग्रिप्पोम', फ्लूने आजारी असणे. पहिल्यात मराठी षष्ठी वापरते, पण 'मोगऱ्याने घर दरवळलं' असं म्हणून बघा, जुळतं.

वहीत कसं लिहायचं तेही सांगतो. क्रियापद आणि अर्थ एवढंच लिहून थांबू नका. रशियन शाळेत मुलं विभक्तीचं नाव घेण्याआधी तिचा प्रश्न विचारतात, तृतीयेसाठी 'केम? चेम?', कोणाने, कशाने. म्हणून 'झानिमात्सा' असं न लिहिता 'झानिमात्सा चेम' असं लिहा आणि पुढे स्वतःचं एक वाक्य, 'या झानिमायूस योगोय', मी योगासनं करतो. क्रियापदाचं नाम होताना विभक्ती टिकते की बदलते हेही त्याच ओळीत टिपा. 'उप्राव्ल्यात झावोदोम'चं 'उप्राव्लेनिये झावोदोम' होतं, कारखान्याचा कारभार, तृतीया टिकली. 'इन्तेरेसोवात्सा मूझिकोय'चं मात्र 'इन्तेरेस क मूझिके' होतं, आणि सीन म्हणजे मुलगा, त्याच्याबद्दलचं 'गोर्दीत्सा सीनोम' हे 'गोर्दोस्त झा सीना' होतं. ही नामं क्रियापदाच्या तर्काने काढायला जाल तर फसाल, ती वेगळीच टिपावी लागतात.